इमारतीच्या दर्शनी फोटोतून एसी, मीटरपेट्या आणि पाइप काढायचे आहेत (ब्रोशरचं काम)

कोरापान

नमस्कार मंडळी. एका बिल्डरच्या ब्रोशरचं काम हातात आहे. इमारत पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या बाजूला. खाली पार्किंग, वर पाच मजले. बांधून झाली आहे, लोक राहायला आले आहेत, काही फ्लॅट विकायचे शिल्लक आहेत, म्हणून थ्रीडी चित्राऐवजी खऱ्या इमारतीचा फोटो हवाय. तो ए-फोरच्या मधल्या जोडपानावर पूर्ण पसरून जाणार आहे.

फोटो दुपारी चारच्या सुमारास काढलेला आहे. दर्शनी बाजू पश्चिमेला, त्यामुळे लख्ख ऊन. भिंतीला क्रीम रंगाचं टेक्श्चर आणि दर दीड-दोन फुटांवर आडव्या खाचा. यातून काढायचंय ते असं: एसीचे अकरा आउटडोअर युनिट, दोन ड्रेनेजचे उभे पाइप, एक पिवळा गॅसचा पाइप, आणि खाली गेटजवळच्या भिंतीवरच्या मीटरपेट्या.

क्लोन स्टॅम्पने काढते तर खाचा जुळत नाहीत. हीलिंग ब्रशने काढते तर भिंतीवर मळकट डाग पडतात, विशेषतः खिडकीच्या कडेला. फोटोशॉप चांगलं येतं, पण इमारतींचं काम फारसं केलेलं नाही. कुठून सुरुवात करावी?

खडू

एवढं हाताने कशाला करताय? लॅसोने युनिट निवडा, Content-Aware Fill उघडा, आउटपुट नवीन लेयरवर घ्या. मी प्रॉडक्टचे फोटो रोज असेच साफ करतो. अकरा युनिट म्हणजे अर्ध्या तासाचं काम.

कोरापान

खडू, ते करून पाहिलं. मोकळ्या भिंतीवरचं एक युनिट छान गेलं. बाकी ठिकाणी भिंतीत खिडकीचं ग्रिल उगवलं, आणि एका जागी खाच तिरकी होऊन वर चढली.

सुतारपक्षी

इमारतींचे फोटो काढणं आणि साफ करणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खडू म्हणतात ती सोय चांगलीच आहे, पण तिला भिंत कुठली आणि खिडकी कुठली ते कळत नाही. तिथे नमुना कुठून घ्यायचा ते हिरव्या रंगात दिसतं. तो हिरवा भाग आपोआप ठरू देऊ नका. सगळा पुसून फक्त युनिटच्या डाव्या-उजव्या बाजूची, त्याच उंचीवरची भिंत ब्रशने रंगवा. Rotation Adaptation हे None वर ठेवा, Scale आणि Mirror बंद ठेवा. इमारतीत काहीच फिरलेलं किंवा लहानमोठं झालेलं नसतं, त्यामुळे या तिन्ही गोष्टी इथे घातकच. एवढं केलंत तर ग्रिल उगवणं थांबेल.

पण तुमची मूळ अडचण त्याच्या आधीची आहे. फोटो सरळ केलाय का? खालून काढलेल्या फोटोत उभ्या रेषा वर जाताना जवळ येतात आणि आडव्या खाचा बाजूला उतरत जातात. अशा फोटोत डावीकडचा तुकडा उजवीकडे नेला की खाच जुळणारच नाही, कितीही बारीक काम करा. म्हणून आधी कॅमेरा रॉमध्ये लेन्सचं प्रोफाइल लावा, नाहीतर वाइड लेन्समुळे खाचा किंचित बाकदार राहतात. मग Geometry मध्ये Guided घेऊन इमारतीच्या दोन टोकांच्या उभ्या कडांवर दोन रेषा ओढा, आणि दोन आडव्या, एक वरच्या आणि एक खालच्या खाचेवर. आता खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच उंचीवर आली पाहिजे. गाइड लावून खात्री करा आणि मगच पुढे जा.

हे झालं की ब्रशची गरज बरीच कमी होते. ड्रेनेजचा पाइप घ्या. पाइप आणि त्याची सावली मिळून जेवढी रुंदी होते, त्यापेक्षा थोडी जास्त रुंद अशी शेजारच्या मोकळ्या भिंतीची पट्टी निवडा, पूर्ण मजल्याच्या उंचीची. Ctrl+J ने नव्या लेयरवर घ्या आणि Shift धरून बाणाच्या कळीने फक्त आडवी सरकवा, वर-खाली अजिबात नाही. खाचा आपोआप जुळतात, कारण त्या त्याच उंचीवर आहेत. मग मास्कने कडा मऊ करा. जिथे पट्टी खिडकीच्या चौकटीला भिडते तिथे मात्र मास्कची कड टणक ठेवा. रंग थोडा उजळ-गडद वाटला तर फक्त त्या पट्टीला लागू होईल असा कर्व्हज लेयर. मजल्यागणिक वेगळी पट्टी घ्या, एकच लांब पट्टी वरपासून खालपर्यंत ओढू नका, कारण भिंतीचा उजेड मजल्यामजल्याला बदलतो.

आता डागांबद्दल. हीलिंग ब्रश पोत तुम्ही दिलेल्या जागेतून घेतो, पण रंग आणि उजेड जिथे रंगवता त्या जागेच्या कडांवरून घेतो. कड खिडकीच्या गडद चौकटीला किंवा उरलेल्या सावलीला लागली की तो काळेपणा आत झिरपतो. म्हणून चौकटीलगतचा बोटभर भाग क्लोनने करा आणि मधली मोकळी भिंत हीलिंगने.

वाड्यातलीकाकू

आमच्या सोसायटीत हेच करायचंय आणि कमिटीत नुसते वाद चाललेत! दोन घरांनी समोरच्या बाजूला युनिट लावलीत आणि पाणी खालच्यांच्या खिडकीवर गळतं. काढायचा खर्च कोणी द्यायचा? आणि एसीवाला न आणता आपल्या प्लंबरकडून काढून घेतलं तर चालेल का?

सुतारपक्षी

वाड्यातलीकाकू, इथे फोटोतून काढण्याबद्दल चाललंय. पण प्लंबरकडून नका काढून घेऊ. आधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेऊन दोन्ही झडपा बंद कराव्या लागतात, नाहीतर तो उडून जातो आणि पुन्हा भरायचा खर्च येतो. ते एसीवाल्याचंच काम. खर्चाच्या वादासाठी वेगळा धागा काढा, उत्तरं मिळतील.

वाड्यातलीकाकू

अच्छा, फोटोतून! काढते नवीन धागा. पण एक सांगू का, आमच्याकडे युनिट हलवलं तेव्हा खाली लांब पांढरट ओघळ राहिला होता, तो रंग देईपर्यंत गेला नाही. तुमच्या फोटोतही असेल बघा.

कोरापान

काकू, खरंच आहे! सात युनिटांखाली ओघळ आहेत, माझं लक्षच नव्हतं गेलं.

सुतारपक्षी

फार चांगला मुद्दा काकूंनी काढला. युनिटबरोबर त्याचा सगळा गोतावळा जातो: भिंतीवरची सावली, ओघळ, लोखंडी स्टँड, पांढऱ्या टेपात गुंडाळलेली तांब्याची नळी, आणि ती आत जाते ते भोक. यातलं एक जरी राहिलं तरी बघणाऱ्याला तिथे काहीतरी होतं हे कळतं. ओघळ फिकट असतो, पडद्यावर सुटतो आणि आर्ट पेपरवर छापल्यावर दिसतो.

गच्ची

मंडळी, तंत्र ठीक आहे, पण हे करणंच बेकायदा आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार जाहिरातीतल्या फोटोत काहीही बदल करणं गुन्हा आहे. डिझायनरही अडकू शकतो. कोरापान, हे काम घेऊ नका.

दीपमाळ

गच्ची, काळजी रास्त आहे, पण कायदा तसं म्हणत नाही. मी आर्किटेक्ट आहे आणि या कलमाशी कामानिमित्त संबंध येतो. कलम १२ सांगतं की जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना फ्लॅट यांतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर प्रमोटरने भरपाई द्यायची. ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत. फोटो साफ करण्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. प्रश्न असा की तुमचा फोटो चुकीची माहिती देतोय का.

मी अशी रेघ ओढते. एसीचे युनिट रहिवाशांनी लावलेत. ते इमारतीचा भाग नाहीत, उद्या बदलतील, जागा हलवतील. ते काढले तर बिल्डरने जे बांधलं तेच दिसतं. ड्रेनेजचे पाइप मात्र बिल्डरनेच बसवलेत, आणि ते दर्शनी बाजूला आले कारण संडास-बाथरूम त्या बाजूला आहेत आणि डक्ट दिलेला नाही. हा त्या इमारतीच्या रचनेचा दोष आहे आणि घेणाऱ्याला तो दिसला पाहिजे. ज्याची बेडरूमची खिडकी त्या पाइपाला लागून आहे त्याला रात्री पाण्याचा आवाज ऐकू येणार आहे. हे पाइप मी काढू देणार नाही.

गच्ची

कलमाचं नीट सांगितलंत, आभार. तरी माझं मत तेच. आज एसी काढला की उद्या शेजारचा ट्रान्सफॉर्मर काढा म्हणतील.

दीपमाळ

ट्रान्सफॉर्मर, नाला, उच्चदाबाची तार, शेजारची झोपडी यांना हात लावायचाच नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

खडू

मग पाइप ठेवून फिकट केले तर? म्हणजे भिंतीच्या रंगाच्या जवळ आणायचे.

सुतारपक्षी

मीही बऱ्याचदा तसंच करतो. पाइप तिथेच राहतो, त्याची कडक काळी सावली अर्ध्यावर आणायची, आणि पाइपावर उडालेले रंगाचे डाग, गंजलेले क्लॅम्प तेवढे साफ करायचे. मग तो दिसतो, पण नजर तिथे अडकत नाही. पाइपाचा रंग बदलून क्रीम करणं मला पटत नाही. बिल्डर खरंच पाइप रंगवून देणार असेल तर आधी रंगवावेत आणि मग फोटो काढावा.

मांडवीकाठ

माझी अडचण जरा निराळी आहे, पण इथेच विचारतो. पणजीत फोंतेन्हासजवळ आमचं जुनं घर आहे, होमस्टे चालवतो. पिवळी भिंत, पांढऱ्या पट्ट्या, वर कौलं. रस्त्यावरच्या विजेच्या तारा घराच्या बरोबर समोरून जातात आणि फोटोत कौलांवरून आडव्यातिडव्या दिसतात. कौलांच्या ओळींत क्लोन करताना वेड लागायची पाळी येते. पत्रकासाठी काय करावं?

सुतारपक्षी

मांडवीकाठ, तुमचं काम कोरापानपेक्षा सोपं आहे, आणि त्याचं उत्तर तिलाही उपयोगी पडेल.

तार घरापासून बरीच पुढे, रस्त्याच्या बाजूला आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून एक फोटो काढा. मग ट्रायपॉड थोडा खाली घ्या किंवा थोडा वर उचला आणि दुसरा काढा. घर जवळजवळ तसंच राहतं, पण तार कौलांच्या वेगळ्या ओळीवर सरकते. आडव्या तारेसाठी कॅमेरा वर-खाली, उभ्या खांबासाठी डावीकडे-उजवीकडे. दोन्ही फोटो एकावर एक ठेवा, वरच्या लेयरला Distort ने दर्शनी भिंतीच्या चार कोपऱ्यांवर जुळवा, आणि मास्कने पहिल्यातल्या तारेच्या जागी दुसऱ्यातली कौलं उघडी करा. काहीच बनवावं लागत नाही, कौलं खरीच असतात. छपराचा उतार मागे जातो म्हणून कौलांपाशी थोडी वेगळी जुळवणी लागेल, तेवढा भाग स्वतंत्र लेयरवर घ्या.

कोरापान, तुमच्याकडे हे फक्त स्टँडवर पुढे आलेल्या युनिटांना लागू होईल. युनिट भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे असतं, त्यामुळे चार-सहा पावलं बाजूला गेलात की त्यामागे लपलेला खिडकीचा कोपरा उघडा पडतो. भिंतीला क्लॅम्पने चिकटलेल्या पाइपाला याचा उपयोग नाही, तो भिंतीबरोबरच सरकतो. खिडकीचा कोपरा बनवत बसण्यापेक्षा पुन्हा जाऊन फोटो काढणं कमी वेळाचं आहे.

आणि जाणारच असाल तर चारचं ऊन टाळा. उन्हात प्रत्येक युनिटची, क्लॅम्पची, छज्ज्याची कडक सावली पडते आणि निम्मं काम सावल्या पुसण्याचं होतं. पश्चिमेची भिंत दुपारी बारापर्यंत सावलीत असते. अगदी सकाळी जाऊ नका, सूर्य इमारतीच्या मागे असतो आणि आकाश जळून जातं. साडेदहा-अकराला जा, आणि आकाशासाठी एक कमी एक्स्पोजरचा फोटो त्याच जागेवरून काढून ठेवा. समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहता आलं तर फारच छान. कॅमेरा वर वाकवावा लागला नाही की फोटो सरळ करताना वरचा भाग ताणला जात नाही.

हा ताण छपाईत महत्त्वाचा ठरतो. ए-फोरचं जोडपान ३ मिमी ब्लीडसह ४२६ बाय ३०३ मिमी, म्हणजे ३०० पीपीआयला साधारण ५०३० बाय ३५८० पिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत ६००० बाय ४००० असतात. सरळ करून कडा कापल्यावर फारसं काही शिल्लक राहत नाही, आणि वरच्या मजल्यांवरचा तपशील आधीच ताणलेला असतो.

कोरापान

शनिवारी जाऊन आले. समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्याने गॅलरीत उभं राहू दिलं. कडक सावली नसल्यामुळे पट्टीची युक्ती अप्रतिम चालतेय, खाचा कुठे जोडल्यात ते मलाच सापडत नाही. दोन्ही जागांवरून काढलेल्या फोटोंमुळे सहा युनिटांमागचे खिडकीचे कोपरे खरे मिळाले.

आता पाचव्या मजल्यावर अडलेय. डावीकडच्या खिडकीखाली दोन युनिट एकावर एक आहेत आणि छज्ज्याच्या टोकापर्यंत सगळं झाकलंय, दोन्ही फोटोंत. म्हणून तिसऱ्या मजल्यावरची तशीच, स्वच्छ खिडकी छज्ज्यासकट उचलून वर ठेवली. माप तंतोतंत बसतं, रंग जुळवला, तरी ती चिकटवल्यासारखी दिसते. का ते कळत नाही.

दीपमाळ

छज्ज्याचा तळ बघा. कॅमेरा दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर होता. तिसऱ्या मजल्यावरच्या छज्ज्याचा तळ जेमतेम दिसतो, पाचव्याचा चांगला रुंद दिसायला हवा.

सुतारपक्षी

दीपमाळ यांनी नेमकं पकडलं. फोटो सरळ केल्याने भिंतीच्या रेषा सरळ होतात, पण बाहेर आलेल्या आणि आत गेलेल्या गोष्टी कुठल्या कोनातून पाहिल्या ते बदलत नाही. म्हणून खिडकी कधीही वर-खाली उचलायची नाही, त्याच मजल्यावर आडवी न्यायची.

आडवी नेतानाही एक गोष्ट सांभाळा. कॅमेऱ्याच्या डावीकडच्या खिडकीत आतली डावी बाजू दिसते, उजवीकडच्या खिडकीत उजवी. तुमची झाकलेली खिडकी डावीकडे आहे, तर पाचव्या मजल्यावरचीच, मध्यापासून तेवढ्याच अंतरावरची उजवीकडची खिडकी घ्या आणि Flip Horizontal करा. छज्ज्याचा तळही जुळेल आणि आतली बाजूही. फोटो सावलीत काढलाय म्हणूनच हे चालतं. उन्हात सावलीही उलटी झाली असती.

मग पडदा बदला. शेजारी-शेजारी एकसारख्या चुण्यांचा पडदा डोळ्याला लगेच सापडतो. खिडकीच्या काचेचा भाग मूळ फोटोतलाच ठेवता आला तर उत्तम, फक्त चौकट आणि छज्जा नवीन. ग्रिल किंवा सरकत्या काचा उलट्या झाल्या तर कुठली काच पुढे आहे तेही तपासा.

कोरापान

जमलं! काच मूळचीच ठेवली. आता खाली मीटरपेट्या. मागची भिंत पेटीच्या खाली रंगवलेलीच नाही असं दिसतंय, आणि पेटीतून निघालेले पाइप जमिनीत जातात.

खडू

पेटीसमोर मोठी कुंडी ठेवून फोटो काढायचा की! किंवा फोटोतच कुंडी घाला.

दीपमाळ

फोटोत घालायची नाही, तिथे नसलेली वस्तू दाखवणं झालं. आणि मीटरपेटीसमोर खरी कुंडी ठेवणंही बरं नाही, रीडिंग घ्यायला आणि अडचणीत मेन बंद करायला तिथे वाट मोकळी लागते. मीटरपेट्या घेणाऱ्याचा काहीच तोटा करत नाहीत, त्या प्रत्येक इमारतीत असतात. पेट्या सरळ ठेवा.

सुतारपक्षी

माझं मत थोडं वेगळं आहे. पेट्या काढल्याने कोणाची दिशाभूल होत नाही, म्हणून तंत्र जमत असेल तर काढायला हरकत नाही. पण कोरापान, तळाची ती भिंत खरंच किती दिसतेय? जोडपानाच्या खालच्या पट्टीत मजकूर आणि महारेरा क्रमांक येणारच असेल. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही द्यावा लागतो. ती पट्टी तिथेच टाकली तर प्रश्न मिटतो.

कोरापान

पट्टी उजवीकडे आहे, पेट्या डावीकडे. क्लायंटला विचारते. गॅसच्या पाइपबद्दलही त्यांनी आग्रह धरलाय, पिवळा रंग फार उठून दिसतो म्हणे.

दीपमाळ

गॅसचा पाइप काढण्यात मला तर क्लायंटचाच तोटा दिसतो. पाइपने गॅस येतो ही घेणाऱ्याला हवी असलेली सोय आहे.

गच्ची

माझ्या मते एक ओळ छापा: "छायाचित्रात किरकोळ बदल केले आहेत." निदान प्रामाणिक तरी.

दीपमाळ

ओळ छापा जरूर. पण त्या ओळीच्या आधारावर ड्रेनेजचे पाइप काढले तर ती पुरणार नाही, असं मला वाटतं.

सुतारपक्षी

छपाईला देण्याआधी एक तपासणी करा. सगळ्यात वर एक कर्व्हज लेयर ठेवा आणि त्याची रेषा खाली-वर, खाली-वर अशी दोन-तीनदा नागमोडी करा. फोटो विचित्र रंगांचा दिसेल, पण जिथे पट्टी जोडली आहे आणि उजेड किंचित वेगळा आहे तिथे सरळ कड उठून दिसेल. तेवढ्या जागा दुरुस्त करा आणि लेयर काढून टाका. मग १०० टक्क्यांवर जाऊन भिंतीचा पोत बघा. हीलिंग केलेला भाग गुळगुळीत झाला असेल तर तिथे Add Noise, Monochromatic ठेवून, शेजारच्या भिंतीइतकाच.

कोरापान

नागमोडी कर्व्हने चार जागा दाखवल्या, चारही तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर, उजव्या ड्रेनेज पाइपाजवळ. तिथे मी फक्त पाइपामागची मंद सावली कमी केली होती, तरी कड आली.

सुतारपक्षी

सावलीचा मास्क खाचेच्या आत शिरला असणार. खाच मुळातच गडद असते, ती उजळली की कड दिसते. मास्कमधून खाचा वगळा.

कोरापान

तसंच होतं, आता गेली. क्लायंटचं उत्तर आलंय: एसी गेले, पाइप राहिले, याला तयार आहेत. गॅसच्या पाइपावर अजून अडून बसलेत. मीटरपेट्यांचं काय ते प्रूफ बघून ठरवू म्हणाले. प्रूफ मंगळवारी येईल.

मांडवीकाठ

सुतारपक्षी, ट्रायपॉड जरा खाली घेऊन दुसरा फोटो काढला. तारा कौलांवरून पूर्ण सरकल्या! पण भिंतीवरच्या पांढऱ्या पट्ट्या जुळताहेत आणि दारापुढच्या बाल्कांवची बाकं मात्र जुळत नाहीत. ती भिंतीच्या पुढे आहेत म्हणून का?

सुतारपक्षी

हो. बाकं पहिल्या फोटोतलीच ठेवा. तार त्यांच्यावरून जात नसेल तर तिथे दुसऱ्या फोटोचा मास्क काळाच राहू द्या.